रक्त दुधाळ दिसतं तेव्हा

समजा, 42 वर्षांच्या एका गृहस्थांचा मधुमेह बरेच महिने हाताबाहेर आहे. प्रयोगशाळेत त्यांच्या रक्तातला वरचा द्रव दुधासारखा पांढरा दिसला आणि ट्रायग्लिसराइड 1800 भरलं. ते 150 च्या आत असायला हवं. चरबी वाढली म्हटलं की आपल्याला पहिली आठवण हृदयाची येते. इथे मात्र तातडीचा धोका स्वादुपिंडाला असतो. आकडा हजारापलीकडे गेला की तो झपाट्याने वाढतो.

स्वादुपिंड चरबी फोडणारं विकर तयार करतं. आसपासच्या केशवाहिन्यांत चरबीचे कण दाटले की हे विकर त्यांना तिथेच फोडतं. त्यातून मोकळी होणारी मेदाम्लं इतकी साचतात की त्या ग्रंथीच्याच पेशी जळू लागतात. ही सूज जिवावरही बेतू शकते.

मग नेहमीची स्टॅटिनची गोळी पुरणार नाही का? ट्रायग्लिसराइडवर तिचा जोर बेताचा असतो. तिने ते वीस टक्के उतरलं असं धरलं, तरी 1440 उरतं. फेनोफायब्रेटसारखी फायब्रेट गटातली औषधं साधारण तीस ते पन्नास टक्के घट करतात. ती यकृताला मेदाम्लं जास्त जाळायला लावतात, रक्तातली चरबी फोडणारं विकर वाढवतात आणि त्या विकराला अडवणारं एक प्रथिन कमी करतात. म्हणून इथे पहिला मान त्यांचा.

पण हिशेब पुढे करून पाहावा. चाळीस टक्के घट धरली तरी 1080 उरतं, म्हणजे धोका तसाच. आकडा 500 च्या खाली आणायचा तर साखर ताब्यात यावी लागते, दारू पूर्ण थांबावी लागते आणि जेवणातलं तेल-तूप अगदी थोडं करावं लागतं. थायरॉइडही तपासून घ्यावं लागतं. ज्यांच्यात चरबी फोडणारं ते विकर जन्मतःच निकामी असतं, त्या दुर्मीळ रुग्णांत फायब्रेटचा जवळपास उपयोगच होत नाही.

हृदयविकार टाळण्याची भिस्त मात्र फायब्रेटवर ठेवू नये. पेमाफायब्रेटच्या 2022 मधल्या मोठ्या चाचणीत ट्रायग्लिसराइड उतरलं, पण हृदयाचे झटके कमी झाले नाहीत. स्टॅटिनची जागा त्यामुळे कायम राहते. दोन्ही द्यायची तर डॉक्टर फेनोफायब्रेट निवडतात, कारण जेमफायब्रोझिलसोबत स्नायूंना इजा होण्याची भीती जास्त. मूत्रपिंड फार अशक्त असेल किंवा पित्ताशयाचा विकार असेल, तर फायब्रेट टाळतात. ते घेणाऱ्याचं क्रिएटिनिन अधूनमधून पाहतात.

पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीत जाणारी जोरदार कळ आणि उलट्या आल्या, तर थेट रुग्णालय गाठावं. तिथे पोहोचताच आपला ट्रायग्लिसराइडचा आकडा सांगावा. रक्त दुधाळ असताना अमायलेजची तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते. हा आकडा माहीत असलेला डॉक्टर तेवढ्यावर न थांबता लायपेज आणि स्कॅन करून घेतो.