मीठ, बर्फ आणि आइस्क्रीमचा पॉट

कॅनडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात ते बर्फ वितळावा म्हणून. आपल्याकडे पॉट आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ घालतात ते दूध गोठावं म्हणून. परिणाम उलटे दिसतात, पण मीठ दोन्हीकडे एकच काम करतं.

शून्य अंशावर बर्फ पाण्यात ठेवला, तर वरवर काहीच घडत नाही. आत मात्र बर्फाचे रेणू सतत सुटून पाण्यात जात असतात आणि पाण्यातले तेवढेच रेणू पुन्हा बर्फाला चिकटत असतात. मीठ विरघळलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड आयन पाण्यात पसरतात. बर्फाच्या स्फटिकात त्यांना जागा नसते. त्यांच्यामुळे पाण्यातून परतणारे रेणू कमी होतात, बर्फातून सुटणारे मात्र तेवढेच राहतात. म्हणून बर्फ वितळत जातो. तापमान आणखी उतरलं, तरच पुन्हा बरोबरी होते. 100 ग्रॅम पाण्यात 10 ग्रॅम मीठ असेल, तर ते पाणी साधारण उणे 6 अंशांना गोठू लागतं.

आता पॉट पाहू. दुधात साखर असते, आणि साखरही मिठासारखाच गोठणबिंदू खाली आणते. त्यामुळे आइस्क्रीमचं मिश्रण शून्याच्या दोन-तीन अंश खालीच गोठायला लागतं. नुसत्या बर्फात ते कितीही फिरवलं तरी जमायचं नाही. मीठ पडलं की बर्फ भराभर वितळतो, आणि वितळायला त्याला ग्रॅममागे सुमारे 80 कॅलरी उष्णता लागते. लाकडी पिंपातून बाहेरची उष्णता सहज आत येत नाही. मग ती आधी बर्फातून आणि खाऱ्या पाण्यातून, नंतर धातूच्या डब्यातल्या दुधातून ओढली जाते. म्हणजे गारवा मिठाचा नसतो, वितळणाऱ्या बर्फाचा असतो.

म्हणूनच ते खारं पाणी सगळं काढून टाकू नये. बर्फाचे खडे डब्याला जिथे-तिथेच टेकतात, पाणी मात्र चहूबाजूंनी भिडतं. फक्त ते झाकणाच्या वर चढता कामा नये, नाहीतर आइस्क्रीम खारट होतं. मीठ फार झालं, तर डब्याच्या कडेला टणक थर धरतो आणि दांडा अडतो. कमी पडलं तर मिश्रण सावकाश गोठतं, स्फटिक मोठे होतात आणि आइस्क्रीम जिभेला रवाळ लागतं.

रस्त्यावर उष्णता पुरवायला जमीन, हवा आणि ऊन असतं, म्हणून तिथे बर्फ नुसता वितळत राहतो. पण मीठ आधी विरघळायला पाण्याचा पातळ थर तरी हवा. मिठाच्या सर्वांत प्रभावी द्रावणाचा गोठणबिंदू उणे 21 अंश असला, तरी उणे दहाच्या आसपासच रस्त्यावरचं मीठ फार संथ होतं. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड वापरतात. ते विरघळताना स्वतःच उष्णता सोडतं. त्याहून कडक थंडीत वाळू पसरतात. वाळूने बर्फ वितळत नाही, पण टायरला पकड मिळते.