दिसायला लागलं, पण थेंब बाकी होते

आज गोष्ट सांगते माझ्या सासऱ्यांची. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. वय 72. दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून तिथे नवं, स्वच्छ भिंग बसवलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि आबा घरी आले.

आल्याबरोबर त्यांनी दोरीवरचं धोतर हातात घेतलं. एकदा डावा डोळा झाकला, एकदा उजवा. म्हणाले, "सूनबाई, या डोळ्यानं धोतर पांढरंशुभ्र दिसतंय, अन् त्या डोळ्यानं चहात बुडवल्यागत. नवा डोळा बिघडला का काय?" बिघडलं काही नव्हतं. वयाप्रमाणे आपलं भिंग पिवळसर होत जातं, पण ते इतकं हळूहळू होतं की आपल्याला कळत नाही. खरा पांढरा रंग आबांना कित्येक वर्षांनी दिसत होता.

पण एक डोळा लख्ख आणि दुसरा धूसर, म्हणून अंदाज चुकायला लागला. तांब्यात पाणी ओतताना ते बाहेर सांडायचं. एकदा ओसरीची पायरी उतरताना पाय घसरला, तेव्हा आम्ही पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या रंगाचे पट्टे मारले. आणखी एक रुसवा होता. लांबचं शेत दिसतं, पण पंचांग वाचता येत नाही. "ऑपरेशन फुकट गेलं," म्हणायचे. तसं नव्हतं. आबांना बसवलेलं भिंग लांबचं दिसण्यासाठी होतं. जवळचं वाचायला चष्मा लागतोच, आणि त्याचा नंबर जखम भरल्यावर, महिना-दीड महिन्यानं काढतात.

आता मुख्य गोष्ट. आबांना थेंबांच्या दोन बाटल्या दिल्या होत्या. थेंब घालायचं काम माझ्या नववीतल्या मुलीकडे. साबणानं हात धुवायचे, आजोबांना मान मागे टाकून वर बघायला सांगायचं, खालची पापणी हलकेच ओढायची आणि त्या खोबणीत एकच थेंब टाकायचा. बाटलीचं टोक डोळ्याला किंवा पापणीच्या केसांना लागू द्यायचं नाही. मग डोळा अलगद मिटून ठेवायचा. दुसरं औषध पाच मिनिटांनी, नाहीतर पहिलं वाहून जातं.

आठ दिवस नीट चाललं. मग मी बचत गटाच्या प्रशिक्षणाला तालुक्याला गेले आणि इकडे आबांनी नातीला सांगितलं, "लख्ख दिसतंय की. आता औषध कशाला?" तिसऱ्या दिवशी मी परत आले तर डोळा लालभडक, उजेड सहन होईना, आतून ठणका आणि सकाळी स्पष्ट दिसणारी भिंत पुसट. शेजारच्या काकू म्हणाल्या, गुलाबपाणी घाल. सासूबाई म्हणाल्या, मध घाल. मी दोन्ही नको म्हटलं आणि त्याच दुपारी दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी यंत्रातून डोळा पाहिला, डोळ्यातला दाब मोजला. म्हणाले, "पू झालेला नाही, हे नशीब. डोळ्याच्या आत सूज आली आहे." तेव्हा मला उलगडलं. ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत सूज असते, ती बाहेरून दिसत नाही. एक थेंब ती सूज दाबून ठेवतो, दुसरा जंतू होऊ देत नाही. सुजेचा थेंब एकदम बंद केला की सूज उसळते. म्हणून तो दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत सोडवतात. किती वेळा आणि किती आठवडे, हे प्रत्येकाच्या कागदावर वेगळं असतं. आपल्या कागदाप्रमाणेच चालायचं.

थेंब पुन्हा सुरू झाले. चार दिवसांत लाली उतरली, आठवड्यात नजर पहिल्यासारखी झाली. मग मी बचतीच्या वहीसारखा तक्ता आखला. उभ्या रकान्यात तारखा, आडव्या रकान्यात थेंबांच्या वेळा. थेंब पडला की रेघ. रकाना रिकामा दिसला की आबाच हाक मारायचे.

मैत्रिणींनो, सुरुवातीचे काही दिवस थोडं खुपणं, पाणी येणं होतंच. पण दुखणं किंवा लाली वाढत चालली, पू आला, किंवा आधी स्पष्ट दिसत होतं ते पुसट झालं, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. बाजारच्या दिवसाची वाट पाहू नका. आतमध्ये जंतू झाले असतील तर एका रात्रीतही नजर जाऊ शकते.

आबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. या वेळचा तक्ता त्यांनी नातीकडून आत्ताच आखून घेतलाय.