साउंडबार मुका का राहतो?

नवा साउंडबार जोडला, केबल घट्ट बसवली, तरी आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून येतो. अशा वेळी आधी टीव्हीची मागची बाजू पाहावी. एचडीएमआयची तीन-चार भोकं असली, तरी आवाज बाहेर सोडणारं सहसा एकच असतं आणि त्यावर ARC किंवा eARC असं छापलेलं असतं. साउंडबारवरही त्याच खुणेचं किंवा TV OUT लिहिलेलं भोक वापरावं.

यानंतर दोन्हीकडच्या सेटिंग जुळवायच्या. ही उपकरणं सीईसी या सोयीतून एकमेकांना ओळखतात, म्हणून ती दोन्हीकडे चालू हवी. सॅमसंगच्या मेनूत तिचं नाव Anynet+, तर एलजीच्या मेनूत SIMPLINK. मग टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत स्पीकरऐवजी HDMI ARC निवडावं आणि साउंडबारचा इनपुट ब्लूटूथवरून टीव्हीवर आणावा.

कधी बातम्या ऐकू येतात, पण सिनेमा लावला की शांतता पसरते. म्हणजे जोडणी ठीक आहे. सिनेमाचा आवाज ज्या स्वरूपात येतोय, ते साउंडबारला उलगडत नसण्याची शक्यता जास्त. टीव्हीत डिजिटल आउटपुट PCM करून पाहावं. आवाज आला, तर दोष स्वरूपाचाच होता. मात्र साध्या एआरसीवर पीसीएम दोनच चॅनेल नेतं, त्यामुळे सराउंडचा परिणाम जातो. तो हवा असेल, तर साउंडबारला चालणारं डॉल्बी डिजिटल निवडावं.

तरीही आवाज नसेल, तर दोन्हींचे प्लग काही मिनिटं काढून ठेवावेत आणि पुन्हा लावावेत.