पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच? ‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी हे करून बघा

समजा, जुलैचा महिना आहे. पनवेलमध्ये पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये. पंधरा दिवस बंद असलेला कॉम्प्युटर तुम्ही चालू करता. पंखे फिरतात, लाईट लागतो, पण स्क्रीन काळी ती काळीच. कुणीतरी लगेच सांगतं, ‘मदरबोर्ड गेला.’ खरंच गेला का?

पंखे फिरले म्हणजे त्यांना वीज मिळतेय, एवढंच कळतं. स्क्रीनवर काही दिसण्याआधी मदरबोर्ड रॅम तपासतो आणि मग ग्राफिक्स कार्ड. आपणही त्याच क्रमाने जायचं.

आधी मॉनिटरची केबल बघा. ग्राफिक्स कार्ड असेल, तर ती मदरबोर्डला नाही, कार्डालाच लावलेली हवी.

मग रॅम. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाईल. दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. त्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि कचरा झटका. आता एकच रॅम ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवा.

चित्र आलं, तर ती काढून त्याच स्लॉटमध्ये दुसरी लावा. पुन्हा काळोख? मग दुसरी रॅम खराब. पण दोन्ही रॅम एका स्लॉटमध्ये चालतात आणि दुसऱ्यात चालत नाहीत, असं झालं तर दोष बहुधा बोर्डावरच्या त्या स्लॉटचा.

तरीही काही दिसत नसेल, तर प्लग काढून ग्राफिक्स कार्ड बाहेर काढा आणि केबल मदरबोर्डला लावा. चित्र आलं, तर संशय कार्डावर किंवा त्याच्या वेगळ्या पॉवर केबलवर. फक्त एक अडचण आहे: काही प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, तर ते नाहीच. अशा वेळी दुसरं कार्ड लावूनच बघावं लागतं.

आता बोर्डाची परीक्षा. सगळी रॅम काढा आणि कॉम्प्युटर चालू करा. बोर्डावरच्या छोट्या स्पीकरमधून बीप आली किंवा ‘डीरॅम’ लिहिलेला दिवा पेटून राहिला, तर प्रोसेसर आणि बोर्ड निदान जागे आहेत. ‘रॅम सापडत नाही’ अशी त्यांची तक्रार चालू आहे.

स्पीकर जोडलेला असूनही बीप आली नाही, तर प्लग काढून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि परत बसवून बघा. तरीही शांतता असेल, तर बोर्ड, प्रोसेसर आणि पॉवर सप्लाय असे तीन संशयित उरतात. यातला नेमका कोणता, हे चालू स्थितीतला दुसरा भाग लावल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे नवीन बोर्डाचे पैसे देण्याआधी दुकानदाराला दुसरा पॉवर सप्लाय लावून दाखवायला सांगा.