फायनलच्या आधी संघासाठी 30 सेकंदांचा व्हिडिओ: काय बोलायचं, किती बोलायचं?

गावोगावच्या कबड्डी स्पर्धांत आता एक नवीन पद्धत रुळली आहे. संघ फायनलला पोचला की मंडळाच्या ग्रुपवर एक छोटा व्हिडिओ येतो. कधी प्रशिक्षक बोलतात, कधी जुना खेळाडू, कधी शाळेचे सर. पोरं तो गाडीत बसल्या बसल्या बघतात. पण बहुतेक व्हिडिओ बघून झाले की खेळाडूच्या हाती काहीच लागत नाही. नमस्कार, अभिमान, इतिहास, विजयी भव, संपलं. बोलणाऱ्याची तळमळ खरी असते, फक्त बोलायचं काय हे ठरलेलं नसतं.

30 सेकंद म्हणजे किती, याचा अंदाज कबड्डी खेळणाऱ्याला वेगळा सांगायला नको. नियमाप्रमाणे एक चढाई 30 सेकंदांची असते. टाइमआउटही तेवढ्याच वेळाचा. चढाईपटू एका चढाईत सगळ्यांना बाद करायला जात नाही, एखादा गडी हेरून जातो. बोलण्याचंही तसंच आहे. या वेळात एकच काम सांगता येतं. दोन सांगितली की दुसरं लक्षात राहतं आणि पहिलं जातं, किंवा दोन्ही जातात.

आता शब्दांचा हिशोब. मराठी शब्द लांब असतात. 'खेळाडूंनी', 'मध्यंतराला' असे शब्द एका दमात चटकन निघत नाहीत. स्पष्ट बोलायचं तर सेकंदाला साधारण दोन शब्द धरावेत. म्हणजे 30 सेकंदांत 60 शब्द. पण त्यात श्वास घ्यायला, एखाद्या वाक्यावर थांबायला जागा हवी. म्हणून लिहिताना 50 शब्दांच्या आतच थांबलेलं बरं. वहीच्या पानावर हे फार थोडं दिसतं. बोलून पाहिल्यावर बरोबर बसतं.

साधारणपणे पहिला मसुदा कसा येतो ते बघा: 'सर्वप्रथम माझ्या सर्व खेळाडू मित्रांना सस्नेह नमस्कार. आज आपल्या गावासाठी अत्यंत अभिमानाचा दिवस आहे. प्रदीर्घ प्रतीक्षेनंतर आपला संघ अंतिम फेरीत दाखल झाला आहे. संपूर्ण गावाचे लक्ष तुमच्याकडे लागले आहे. घाबरू नका, दडपण घेऊ नका, चुका करू नका. काहीही झाले तरी चषक गावात आलाच पाहिजे.'

यात वाईट असं काही नाही, पण खेळाडूच्या बाजूने ऐकून बघा. पहिली तीन वाक्यं त्याला माहीत असलेलीच आहेत, फायनलला आलोय हे त्याला कळलंय. चौथं वाक्य ओझं वाढवतं. मग लगेच 'दडपण घेऊ नका' असं सांगितलं जातं, म्हणजे ज्याच्या डोक्यात दडपण नव्हतं त्याच्याही डोक्यात ते आलं. आणि शेवटचं वाक्य त्याच्या एकट्याच्या हातातलं नाही. चषक येणं न येणं समोरच्या संघावरही अवलंबून असतं. मैदानात उतरल्यावर पहिल्या मिनिटाला नक्की काय करायचं, हे या सगळ्यात कुठेच नाही.

त्यामुळे लिहायला बसण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: आपला संघ सामना कुठे घालवतो? उदाहरण म्हणून एक संघ धरू. पोरं दमदार आहेत, चढाया चांगल्या होतात. पण बचावात एक गुण गेला की सगळ्यांचे हात सुटतात. कुणी कमरेवर हात ठेवतो, कुणी गुणफलकाकडे बघतो, कोपऱ्यातला मधल्यावर ओरडतो. कबड्डीत हे महागात पडतं, कारण एक चढाई संपली की पुढचा चढाईपटू पाच सेकंदांच्या आत पाठवायचा असतो. आपल्याकडचा जाऊन आला की लगेच त्यांचा गडी मध्यरेषा ओलांडून आत. साखळी लागलेली नसते, फट दिसते, आणि लागोपाठ दुसरा गुण जातो. असे दोन-तीन झाले की अंगावर लोण चढतो, त्याचे दोन गुण वेगळे.

म्हणजे या संघाचं एकच काम आहे. गुण गेल्यावर लगेच शेजाऱ्याचा हात धरून साखळी लावणं. सगळं बोलणं याच्याभोवती बांधायचं.

त्याआधी एक आधार हवा, आणि तो खरा हवा. इतिहासातला, सिनेमातला नको, याच संघाने याच स्पर्धेत केलेलं काहीतरी हवं. समजा, उपांत्य सामन्यात हा संघ मध्यंतराला सहा गुणांनी मागे होता आणि तरी जिंकला. मग तेच घ्यायचं. 'तुम्ही वाघ आहात' हे ऐकून पोरं हसतात. 'तुम्ही परवा हे केलंत' यावर कुणी हसत नाही, कारण ते तिथे होते.

आता मसुदा असा होतो:

'पोरांनो, उपांत्य सामन्यात मध्यंतराला सहा गुणांनी मागं होतो. आठवतंय? कुणी आरडाओरडा केला नाही. एकेक चढाई धरून खेळलात आणि सामना काढलात. आज पण तेच करायचं. बोर्डाकडं बघायचं नाही. गुण गेला, तर शेजाऱ्याचा हात धरायचा, साखळी लावायची आणि पुढची चढाई बघायची. चाळीस मिनिटं एवढंच. हात धरून ठेवा. चला, मैदानात भेटू.'

हे 48 शब्द आहेत. 'आठवतंय?' नंतर दोन सेकंद थांबायचं. तेवढ्यात बघणाऱ्याला तो सामना खरंच आठवतो. दुसरा थांबा 'एवढंच' नंतर. 'बोर्डाकडं बघायचं नाही' हे एकच नकाराचं वाक्य ठेवलंय, आणि त्याच्या पाठोपाठ काय करायचं ते सांगितलंय. नुसतं 'करू नका' सांगून सोडलं तर खेळाडूला त्या जागी काय करायचं ते कळत नाही.

'मागं होतो', 'आज पण' हे मुद्दाम बोलीतलं ठेवलंय. जसं आपण रोज सरावाला बोलतो तसंच कॅमेऱ्यासमोर बोलावं. एरवी 'ए पोरांनो, बसा खाली' म्हणणारे सर व्हिडिओत एकदम 'प्रिय खेळाडूंनो' म्हणाले की पोरांना ते सर वाटतच नाहीत. मुलींच्या संघाला ताई बोलत असतील तर 'पोरींनो' चालेल, संघातलाच कप्तान बोलत असेल तर 'भावांनो' आणि 'खेळलात'च्या जागी 'खेळलो'. 'चाळीस मिनिटं' हेही तपासून घ्या. पुरुष गटात 20-20 मिनिटांचे दोन डाव असतात, पण संघ जास्त आले की गावच्या स्पर्धेत आयोजक वेळ कमी करतात. पंधरा-पंधराचा सामना असेल तर 'तीस मिनिटं' म्हणा. अशी बारीक चूक झाली की पोरं तीच धरून बसतात.

कुणी बोलायचं हा नाजूक विषय आहे. टी-शर्ट दिलेले दाते, सरपंच, मंडळाचे अध्यक्ष, सगळ्यांनाच दोन शब्द बोलायचे असतात. आमचं मत स्पष्ट आहे: ज्याची हाक खेळाडू सरावात ऐकतो, त्यानेच बोलावं. बाकीच्यांचे आभार बक्षीस समारंभात मानता येतात, तिथे वेळच वेळ असतो.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात. कॅमेऱ्यासमोर बोललेलं गावात राहत नाही. ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ कुणाच्या तरी मेव्हण्याच्या फोनवरून संध्याकाळपर्यंत समोरच्या संघाकडे पोचलेला असतो. त्यामुळे 'त्यांचा सात नंबर बोनसला येतो, त्याला उजव्या कोपऱ्यात धरा' हे व्हिडिओत बोलायचं नाही. आपल्या कुणाचा गुडघा दुखतोय हे तर अजिबात नाही. समोरच्या संघाला टोमणाही नको. तोच व्हिडिओ ते त्यांच्या पोरांना दाखवतील आणि आपलं काम त्यांच्यासाठी होईल. डावपेच मैदानाशेजारी, फोन पिशवीत ठेवून, गोल करून सांगायचे. वरचा मसुदा समोरच्यांनी दहा वेळा ऐकला तरी त्यांच्या हाती काही लागत नाही, हे लक्षात घ्या.

चित्रीकरणाचं फार अवघड नाही. फोन डोळ्यांच्या उंचीवर, दुचाकीच्या सीटवर पाण्याच्या बाटलीला टेकवून नव्हे. खालून घेतलं की नाकपुड्या दिसतात. उजेड तोंडावर यायला हवा, पाठीमागे ऊन असेल तर चेहरा काळा पडतो. मोकळ्या माळावर वाऱ्याचा आवाज शब्द खातो, त्यापेक्षा शाळेच्या भिंतीच्या आडोशाला उभं राहा. मैदानात डीजेची चाचणी चालू असेल तर तिथून लांब जा. फोन हातभर अंतरावरच ठेवा, माणूस लांब गेला की आवाजही लांब जातो. कागद हातात नको. हवाच असेल तर मोठ्या अक्षरात चार शब्द लिहून कॅमेऱ्याच्या अगदी खाली चिकटवा: 'उपांत्य, बोर्ड, साखळी, हात'. पूर्ण वाक्यं लिहून लावली की डोळे डावीकडून उजवीकडे फिरतात आणि वाचतोय हे लगेच कळतं. आवाज बंद करून व्हिडिओ बघा, डोळे फिरताना दिसले तर परत घ्या.

घड्याळ लावून बोलल्यावर 38 सेकंद झाले तर भराभर बोलून 30 वर आणू नका. एक वाक्य काढा. नमस्कार पहिला जाऊ द्या, मग विशेषणं. काम सांगणारं वाक्य शेवटपर्यंत राहिलं पाहिजे. तीन-चार वेळा घेतल्यावर पहिल्या दोनपैकीच एखादा चांगला निघतो, पुढचे पाठ केल्यासारखे होतात.

ग्रुपवर टाकण्याआधी संघातल्या एकालाच दाखवा, शक्यतो राखीव खेळाडूला. पाच मिनिटांनी त्याला विचारा, काय सांगितलं? 'भारी बोललात' असं उत्तर आलं तर व्हिडिओ परत करायचा. 'गुण गेला की हात धरायचा' असं आलं तर झालं काम.

पाठवायची वेळ म्हणजे संघ गावातून निघताना. वॉर्मअप सुरू झाल्यावर फोन बघायला लावू नये, अंग थंड पडतं. आदल्या रात्री टाकला तर सकाळपर्यंत शंभर शुभेच्छांखाली गाडला जातो. व्हिडिओतले शेवटचे शब्द मात्र प्रशिक्षकाने सामन्यापर्यंत जपून ठेवावेत. नियमाप्रमाणे प्रत्येक डावात संघाला दोन टाइमआउट मिळतात. लोण चढायची वेळ आली की त्यातला एक घ्यायचा, पोरांना पाणी पिऊ द्यायचं, आणि तेवढंच म्हणायचं: 'हात धरून ठेवा.' सकाळी गाडीत ऐकलेलं असतं, त्यामुळे पुढचं सांगावं लागत नाही.