मंदीत कर्जरोख्यांवरचे व्याज का भडकते?

जानेवारी 2007 मध्ये अमेरिकी सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यावर सरासरी 4.76 टक्के परतावा मिळत होता. मूडीज या पतमानांकन संस्थेने ‘बीएए’ श्रेणीत बसवलेल्या कंपन्यांचे दीर्घ मुदतीचे रोखे त्याच महिन्यात 6.34 टक्के देत होते. दोन्हींत फरक होता 1.58 टक्क्यांचा. दोन वर्षांच्या आत, डिसेंबर 2008 मध्ये, सरकारी रोख्याचा परतावा 2.42 टक्क्यांवर उतरला आणि बीएए रोख्यांचा 8.43 टक्क्यांवर चढला. फरक 6.01 टक्के झाला, म्हणजे जवळजवळ चौपट. या फरकालाच रोखेबाजारात ‘स्प्रेड’ म्हणतात. दोन्ही महिन्यांतल्या रोख्यांची श्रेणी एकच, तरीही त्या श्रेणीतल्या कंपन्यांना पैसे उसने देण्यासाठी बाजार चौपट जादा मोबदला मागू लागला.

हे आकडे वाचताना रोख्याच्या किमतीचे गणित ध्यानात ठेवावे लागते. रोख्यावर कंपनी जे व्याज देणार ते छापून ठरलेले असते. शंभर रुपये दर्शनी किमतीच्या, वर्षाला आठ रुपये देणाऱ्या रोख्याची मुदत संपायला एक वर्ष उरले असेल, तर वर्षअखेरीस हातात 108 रुपये पडायचे असतात. आज तो रोखा शंभराला घेतला तर परतावा आठ टक्के, आणि 96 रुपयांना मिळाला तर साडेबारा टक्के. त्यामुळे परतावा वाढला याचा अर्थ रोख्याची किंमत पडली. ज्याच्याकडे तो रोखा आधीपासून आहे त्याच्यासाठी ही वाईट बातमी असते.

स्प्रेडमध्ये काय काय दडलेले असते, हे एका छोट्या उदाहरणाने उलगडते. समजा एक वर्षाचा सरकारी रोखा सात टक्के देतो. एका कंपनीचे पैसे वर्षभरात बुडण्याची शक्यता शंभरात दोन आहे, आणि बुडालेच तर मालमत्ता विकून शंभर रुपयांपैकी चाळीस रुपये परत मिळतील असा अंदाज आहे. अशा कंपनीला पैसे देणाऱ्याला सरकारी रोख्याइतकी, म्हणजे सरासरी 107 रुपयांची, प्राप्ती व्हायची तर व्याजदर साधारण 8.37 टक्के हवा. एवढे 1.37 टक्के केवळ बुडीत रकमेच्या भरपाईचे झाले, त्यात जोखीम घेतल्याचा मोबदला एक पैसाही नाही. बाजार मात्र असा रोखा 8.37 ला घेत नाही, 9 किंवा त्याहून अधिक मागतो. हा वरचा भाग म्हणजे खऱ्या अर्थाने बुडीत जोखमीचे अधिमूल्य. चांगल्या श्रेणीच्या रोख्यांत तर प्रत्यक्ष बुडणाऱ्या रकमेपेक्षा स्प्रेड कित्येक पटींनी मोठा असतो, असे जुन्या नोंदी तपासणाऱ्या अर्थतज्ज्ञांना वारंवार आढळले आहे. तेव्हा बाजार एवढे जास्त का मागतो, हाच या विषयातला कळीचा प्रश्न आहे.

उत्तराचा मोठा भाग बुडण्याच्या वेळेत आहे. घरांना लागणाऱ्या आगीचा विमा उतरवणाऱ्याला दरवर्षी साधारण सारखीच घरे जळताना दिसतात, कारण एका घराच्या आगीचा दुसऱ्याशी संबंध नसतो. पुराचा विमा उतरवणाऱ्याचे तसे नाही. कित्येक वर्षे त्याच्या खिशातून काहीच जात नाही, आणि एका पावसाळ्यात सगळी वस्ती एकदम दारात उभी राहते. कंपन्यांचे बुडणे पुरासारखे असते. त्या एकेक करून सुट्या बुडत नाहीत, मंदीत घोळक्याने बुडतात. आणि नेमक्या त्याच वेळी गुंतवणूकदाराची नोकरी डळमळीत असते, शेअर पडलेले असतात, घराची किंमत उतरलेली असते. पैशाची गरज सर्वांत जास्त असताना जे बुडते, त्याचा मोबदला सरासरी नुकसानीहून जास्त मागणे रास्तच म्हणावे लागेल.

श्रेणी देणाऱ्या संस्थांचे काम या जागी नीट समजून घ्यावे लागते. जॉन मूडी यांनी 1909 मध्ये अमेरिकी रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांना अक्षरी श्रेणी देऊन ही पद्धत रूढ केली. भारतात क्रिसिल 1987 पासून आहे, पुढे इक्रा आणि केअर आल्या. सर्वांची शिडी साधारण सारखी असते. ‘ट्रिपल ए’ सर्वांत वर, ‘ट्रिपल बी’पर्यंत गुंतवणूकयोग्य, त्याखाली सट्ट्याची श्रेणी आणि तळाला पैसे थकवलेल्यांसाठी ‘डी’. मूडीजची बीएए म्हणजे इतरांची ट्रिपल बी, गुंतवणूकयोग्यतेची शेवटची पायरी. ही अक्षरे मुख्यतः क्रम सांगतात. अमुक कंपनी तमुक कंपनीपेक्षा भक्कम, एवढे त्या बऱ्यापैकी अचूक सांगतात, पण येत्या वर्षात शंभरातल्या किती बुडतील हे सांगण्याचा दावा करत नाहीत. तेजी-मंदीच्या प्रत्येक झुळकीसरशी श्रेणी बदलायची नाही, असे या संस्थांचे धोरणच असते. म्हणून एकाच श्रेणीतल्या कंपन्या चांगल्या काळात कमी बुडतात आणि मंदीत जास्त. अक्षर तेच राहते, त्यामागची जोखीम बदलते, आणि तो बदल आधी रोख्याच्या किमतीत उमटतो.

मंदी येते तेव्हा पहिला आघात कंपनीच्या ताळेबंदावर होतो. विक्री घटते, नफा आटतो, पण कर्जाचा हप्ता पूर्वीइतकाच राहतो. कंपनीच्या मालमत्तेची किंमत शंभर कोटी आणि कर्ज साठ कोटी असेल, तर मध्ये चाळीस कोटींची उशी असते. मालमत्ता वीस टक्क्यांनी घसरली की उशी वीस कोटींची, म्हणजे निम्मी होते. रॉबर्ट मर्टन यांनी 1974 मध्ये कर्जरोख्याची किंमत याच नात्यावरून काढून दाखवली. उशी जितकी पातळ, तितका पुढच्या छोट्या घसरणीत कर्ज बुडण्याचा संभव अधिक, आणि हा संभव एका रेषेत वाढत नाही, वेग घेत वाढतो.

दुसरा आघात वसुलीवर होतो. बुडालेल्या कंपनीची यंत्रे, जमीन, इमारती विकायच्या तर घेणारे बहुधा त्याच व्यवसायातले असतात, आणि मंदीत त्यांच्याही तिजोरीत खडखडाट असतो. वरच्या उदाहरणात बुडण्याची शक्यता दोनावरून सहा टक्क्यांवर गेली आणि वसुली चाळीसवरून पंचवीस रुपयांवर आली, तर केवळ नुकसानभरपाईसाठी लागणारा दर 12.23 टक्के होतो. स्प्रेड 1.37 वरून 5.23 टक्के. बुडण्याची शक्यता तिप्पट झाली, पण स्प्रेड जवळजवळ चौपट झाला. आणि जोखमीच्या अधिमूल्याचा हिशेब यात अजून धरलेलाच नाही.

ते अधिमूल्यही मंदीत वाढते, कारण तोटा झालेल्या माणसाला आणि संस्थेला नवी जोखीम पेलवत नाही. जे सुरक्षित तिकडे सगळे धावतात. 2008 मध्ये सरकारी रोख्याचा परतावा जवळजवळ निम्मा झाला तो काही अंशी या धावपळीमुळे. मूडीजच्या सर्वोच्च ‘एएए’ श्रेणीच्या रोख्यांचा परतावा त्या दोन वर्षांत 5.40 वरून 5.05 टक्क्यांवर, म्हणजे किंचित खालीच आला, तरी सरकारी रोख्याशी असलेला त्यांचा फरक 0.64 वरून 2.63 टक्क्यांवर गेला. एवढ्या भक्कम कंपन्या बुडतील असे बाजाराला वाटत होते, असे समजणे चूक ठरेल. त्या फरकात बुडण्याच्या भीतीइतकाच, हवा तेव्हा रोखा विकता येणार नाही या भीतीचा वाटा होता.

विकण्याची ही अडचण श्रेणीच्या नियमांमुळे आणखी चिघळते. अनेक पेन्शन फंड आणि विमा कंपन्यांना गुंतवणूकयोग्य श्रेणीखालचे रोखे बाळगायला मनाई किंवा मर्यादा असते. श्रेणी एका पायरीने घसरून ती सीमा ओलांडली की त्यांना विक्री करावी लागते. मार्च 2020 मध्ये कोविडच्या धक्क्यात एस अँड पी या संस्थेने फोर्ड मोटर कंपनीला गुंतवणूकयोग्य श्रेणीतून खाली उतरवले. अशा वेळी नेमके तेव्हाच इतर कोणी खरेदीला उभे नसते, आणि किंमत कंपनीच्या प्रकृतीला न शोभेल इतकी खाली जाते.

या भागाचा वाटा किती मोठा असतो, हे त्याच महिन्यात दिसले. 23 मार्च 2020 रोजी अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, हिने कंपन्यांचे रोखे विकत घेण्याची योजना जाहीर केली. सट्टा श्रेणीचा स्प्रेड त्या सुमारास 11 टक्क्यांजवळ होता. घोषणेनंतर तो झपाट्याने उतरू लागला, एकही रोखा विकत घेण्याआधीच. पुढे बाजारातून झालेली प्रत्यक्ष खरेदी जेमतेम 14 अब्ज डॉलरची होती. कंपन्यांचा धंदा तर एप्रिलमध्येही बंदच होता. म्हणजे जे ओसरले ते मुख्यतः बुडीताचे गणित नव्हते, विकत घेणारा मिळणार नाही ही धास्ती होती.

2008 च्या अखेरीस सट्टा श्रेणीचा स्प्रेड 20 टक्क्यांच्या वर गेला होता. त्या श्रेणीतल्या कंपन्यांच्या बुडण्याचे प्रमाण 2009 च्या अखेरीस सुमारे 13 टक्क्यांवर पोहोचून खाली आले. तोटा मोठाच होता, पण ज्याने त्या अंधारात रोखे घेऊन ठेवले त्याला मिळालेल्या मोबदल्यापुढे तो लहान ठरला. 2009 या एका वर्षात अमेरिकेच्या सट्टा श्रेणीच्या रोख्यांनी एकत्रितपणे सुमारे 57 टक्के परतावा दिला. अर्थात ही फळे सरसकट बाजार घेणाऱ्याची. एखाद्याच कंपनीचा रोखा घेतलेल्याचे सर्व पैसेही जाऊ शकत होते.

भारताला हा धडा मंदीशिवायही मिळाला. सप्टेंबर 2018 मध्ये मुंबईच्या आयएल अँड एफएस समूहाने देणी थकवली. ट्रिपल ए असलेली श्रेणी काही आठवड्यांत डी झाली. समूहावरचे कर्ज 90 हजार कोटींच्या वर होते. तेव्हा इतर बिगरबँकिंग वित्त कंपन्यांचे व्याजही महागले, ज्यांचा त्या समूहाशी फारसा संबंध नव्हता त्यांचेसुद्धा. एप्रिल 2020 मध्ये फ्रँकलिन टेम्पलटन म्युच्युअल फंडाने सहा कर्जयोजना गुंडाळल्या. त्यांत खालच्या श्रेणीचे रोखे मोठ्या प्रमाणात होते, पैसे काढणाऱ्यांची रीघ लागली होती आणि रोखे घ्यायला बाजारात कोणी नव्हते.

कर्जरोख्यांच्या फंडात पैसे ठेवणाऱ्याने म्हणून योजनेचे मासिक पत्रक उघडून कोणत्या श्रेणीचे किती टक्के रोखे आहेत ते पाहावे. बँकेच्या ठेवीपेक्षा दीड-दोन टक्के जास्त परतावा दिसत असेल, तर ते जास्तीचे पैसे मंदीच्या वर्षातल्या तोट्याची आगाऊ भरपाई आहेत असे धरून चालावे, आणि त्या वर्षी लागणारी रक्कम तिथे ठेवू नये.