‘दिवाळी’ म्हटलं की डाव अडतो

शब्दसाखळी खेळताना आमच्या घरी नियम कडक असायचा. आधीच्या शब्दाचं शेवटचं अक्षर काना-मात्रेसकट उचलायचं. ‘चिवडा’ला ‘डाव’, ‘डाव’ला ‘वसुबारस’. आता ‘स’ आला. इथे कुणी ‘सण’ किंवा ‘सकाळ’ म्हटलं की पुढचा भिडू बसलाच. ‘समई’ म्हटलं तर ‘ईद’, ‘दप्तर’, ‘रस’ करत साखळी फिरून ‘स’वर येते.

ण आणि ळ, या दोन दारांपुढे भिंत आहे. जैन घरातलं मूल ‘णमोकार’ म्हणून एकदा सुटेल, पण तो प्राकृत शब्द. ळ पुढे तेवढीही सोय नाही. उलट ही अक्षरं शेवटी मात्र वारेमाप येतात. करणे, जाणे, हसणे अशी क्रियापदं घेतली तर एकजात सगळी ‘णे’वर संपतात. शाळा, चटणी, शंकरपाळी, कडबोळी यांचीही तीच गत. अहो, खुद्द ‘दिवाळी’च अडते!

असं का व्हावं? मराठीतला ळ बहुतेक ठिकाणी दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या एकट्या ‘ल’पासून झाला. संस्कृत फल, बाल, काल यांचे फळ, बाळ, काळ झाले. ‘ल’ जोडीने असला तर मात्र टिकला. ‘कल्य’चं प्राकृतात ‘कल्ल’ झालं आणि त्यातून आला आपला ‘काल’, म्हणजे गेलेला दिवस. म्हणून काळ वेगळा आणि काल वेगळा. ‘ण’चंही तसंच: ‘पानीय’चं पाणी झालं, पण ‘पर्ण’चं ‘पण्ण’ होऊन पान. शब्दाच्या आरंभी अक्षराच्या आधी स्वर नसतो, त्यामुळे तिथे हा बदल होणारच नव्हता. पुढे शेवटचा अकार उच्चारातून गळाला आणि मधला ळ, ण थेट टोकाला आला.

कारण, भूषण हे तर सरळ संस्कृत शब्द. पण तिथेही ‘ण’ आतच घडतो. आधी र किंवा ष असला की पुढच्या प्रत्ययातल्या ‘न’चा बहुधा ‘ण’ होतो. नसला तर गमन, भोजन. (गुण, कण यांना हा हिशोब लागू नाही, पण ते थोडे.)

गाण्याच्या भेंड्यांत ‘ळ’ आला की ‘ल’ आणि ‘ण’ आला की ‘न’ घ्यायची सवलत अनेक घरांत असते. मला ती लहानपणी रडीचा डाव वाटायची. आता वाटत नाही, कारण शब्द जिथून आला तिथेच ती आपल्याला नेते. वऱ्हाडात तर दुसरी पळवाट आहे: तिथे बोलण्यात डोळ्याचा ‘डोया’ होतो आणि ‘या’वरून ‘यात्रा’ काढता येते.

तेव्हा यंदा फराळानंतर खेळायला बसलात आणि कुणी ‘दिवाळी’ म्हणून तुम्हाला कोंडलंच, तर मागे ‘दीपावली’पर्यंत जा आणि खुशाल ‘लीला’ म्हणा.